ऑफर स्वीकारलेला उमेदवार आयत्या वेळी गायब होऊ नये म्हणून जॉइनिंगआधी काय मेसेज पाठवावा?

प्रश्न: बाणेरला आमची साठ-सत्तर जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, एचआरला मी एकटीच. टेस्टिंगसाठी एका मुलाची निवड केली. ४ वर्षांचा अनुभव, ६० दिवसांचा नोटीस पिरियड. सोमवारी १५ जूनला जॉइनिंग आहे, आज ३ तारीख. मी दर आठवड्याला ‘जॉइन होताय ना?’ विचारते, तो ‘येस मॅम’ म्हणतो आणि अंगठा पाठवतो. याआधी दोघांनी असंच हो-हो म्हणत आयत्या दिवशी फोन बंद ठेवला. याला आता नेमकं काय लिहू? फार मागे लागले तर बिचकेल अशीही भीती वाटते.

उत्तर:

‘जॉइन होताय ना?’ हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर देणं माणसाला फार जड जातं. ज्याचं पक्कं आहे तोही ‘येस मॅम’ म्हणणार आणि ज्याच्या खिशात दुसरं ऑफर लेटर आहे तोही ‘येस मॅम’च म्हणणार. त्यामुळे ते उत्तर येऊनही तुमच्या हाती काही लागत नाही. तुमच्या आधीच्या दोघांनी हातावर तुरी दिल्या त्याचं कारण त्यांचा स्वभाव असेलही, पण तुम्ही त्यांना जे विचारत होता त्यात खरं बोलायला जागाच नव्हती.

मेसेजकडून दोन कामं करून घ्यायची असतात. एक, त्यात असं काही विचारायचं की जो खरोखर येणार आहे त्यालाच त्याचं उत्तर सहज देता येईल. दोन, ज्याचं मन डळमळीत आहे त्याला ते आत्ताच, लाज न वाटता, सांगता येईल असं एक दार उघडं ठेवायचं. होकार पुन्हा वदवून घेणं हा हेतूच नाही. नकार येणारच असेल तर तो १५ तारखेला सकाळी न येता ४ तारखेला संध्याकाळी यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आणि वेळ अगदी बरोबर आहे, कारण शेवटचे पंधरा-वीस दिवस सर्वांत धोक्याचे. नवीन लोकांना वाटतं की राजीनामा दिला म्हणजे गंगेत घोडं न्हालं. राजीनाम्याच्या पहिल्या आठवड्यात जुनी कंपनी थांबवायचा प्रयत्न करते, पगार वाढवून देते, हे खरं. पण तो धोका दिसतो तरी. पुढचा दिसत नाही. या मुलाच्या नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलवर नोटीस पिरियड चालू असल्याचं लिहिलेलं असणार. ९० दिवसांच्या नोटिशीच्या बाजारात ‘बारा दिवसांत येऊ शकतो’ असा माणूस म्हणजे रिक्रूटरच्या दृष्टीने सोनं. राजीनामा दिला तेव्हा त्याला आठवड्यात दोन फोन येत असतील, तर आता रोज येत असतील. त्यातला एखादा तुमच्या आकड्यावर लाख-दीड लाख वाढवून देतोच, कारण त्याला मुलाखतीतच तुमचं ऑफर लेटर दाखवलं जातं. त्यात हा जून. बऱ्याच कंपन्यांत एप्रिलच्या वाढीची पत्रं मे-जूनमध्ये हातात पडतात, म्हणजे जुन्या कंपनीलाही थांबवायला निमित्त मिळतं.

तर उद्याचा मेसेज. सकाळी दहाला पाठवू नका. तो जुन्या ऑफिसात बसलेला असतो, शेजारी त्याचा लीड असतो, घाईत अंगठा दाबून मोकळा होतो. संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान व्हॉट्सॲपवर पाठवा. मी साधारण असं लिहिते:

> नमस्कार (नाव), तुमच्या जॉइनिंगची तयारी इकडे सुरू केली आहे, म्हणून दोन गोष्टी हव्या होत्या.
>
> सध्याच्या कंपनीतला शेवटचा दिवस १२ जूनच ठरला आहे का, आणि तिथला लॅपटॉप तुम्ही कधी परत करणार आहात? त्यावरून आपल्याकडची कागदपत्रांची वेळ ठरवते.
>
> दुसरं, पहिल्या आठवड्यात तुम्ही पेमेंट मॉड्यूलच्या टीमसोबत बसणार आहात. तुमच्या मॅनेजरना त्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे. शुक्रवारी किंवा शनिवारी कोणती वेळ चालेल?
>
> आणि एक मोकळेपणाने सांगते. मधल्या काळात तारखेबद्दल, पगाराबद्दल, अंतराबद्दल किंवा दुसऱ्या एखाद्या संधीबद्दल मनात काही आलं असेल तर जरूर कळवा. या टप्प्यावर असे विचार बऱ्याच जणांच्या मनात येतात, मला त्यात गैर वाटणार नाही. आत्ता कळलं तर काहीतरी मार्ग काढता येतो.

यातला लॅपटॉप परत करण्याचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सगळ्या मेसेजचा जीव त्यात आहे. ज्याचं निघणं नक्की आहे त्याला आयटीवाल्यांनी वेळ दिलेली असते, कुणाला काम समजावून द्यायचं ते ठरलेलं असतं. तो सहज लिहितो, ‘१२ला दुपारी सबमिट करतोय मॅम, हँडओव्हर चालू आहे.’ ज्याने राजीनामा मागे घेतला आहे किंवा घ्यायच्या बेतात आहे, त्याला हे रचून सांगावं लागतं. रचून सांगणाराही असतो, नाही असं नाही, पण बहुतेक लोक खोटं बोलण्यापेक्षा उत्तर टाळतात. ते टाळणंच तुम्हाला दिसायला हवं.

मॅनेजरच्या फोनची वेळ त्याच्याकडून मागून घ्यायची, हेही मुद्दाम. एचआरला टांग मारणं सोपं असतं. ज्याच्यासोबत पुढची दोन वर्षं काम करायचं, त्याने ‘पहिल्या आठवड्यात हे मॉड्यूल तुझ्याकडे’ असं सांगितल्यावर टांग मारणं बरंच अवघड होतं. मॅनेजरला एकच सूचना द्या: ‘येतोयस ना?’ विचारायचं नाही, कामाबद्दलच बोलायचं. टीममध्ये कोण आहे, ऑटोमेशन कुठवर आलंय, पहिल्या महिन्यात काय अपेक्षित आहे. हा फोन मॅनेजरने टाळला तर मात्र माझा सगळा सल्ला निम्मा वाया जातो. ‘एचआरचं काम आहे ते’ म्हणणारे मॅनेजर पुण्यात पैशाला पासरी आहेत, त्यांना रिकाम्या खुर्चीचा हिशेब दाखवावा लागतो.

शेवटचा परिच्छेद लिहायला लोक घाबरतात. ‘दुसऱ्या संधीबद्दल विचारलं तर आपणच त्याच्या डोक्यात किडा सोडू’ असं म्हणतात. तो किडा त्याच्या डोक्यात रिक्रूटरने केव्हाच सोडलाय. तुम्ही फक्त त्याबद्दल बोलायची मुभा देताय.

आता उत्तर कसं वाचायचं ते. दोन तासांत किंवा रात्रीपर्यंत तारखेसह उत्तर आलं आणि सोबत त्याचा स्वतःचा एखादा प्रश्न आला, उदाहरणार्थ टू-व्हीलरला पार्किंग आहे का, पीएफ ट्रान्सफरचं काय, फॉर्मल घालावे लागतात का, तर निश्चिंत राहा. प्रश्न विचारणारा माणूस मनाने तुमच्या ऑफिसात येऊन बसलेला असतो. माझ्या हिशेबात ‘पार्किंग कुठे आहे?’ हे ‘येस मॅम’पेक्षा कितीतरी वजनदार उत्तर.

‘येस मॅम, विल अपडेट’ एवढंच आलं तर त्यात काही नाही, ना चांगलं ना वाईट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करा. मेसेज वाचूनही दोन दिवस उत्तर नाही आणि फोनही उचलत नाही, पण प्रोफाइल फोटो बदललेला दिसतोय, तर पाणी मुरतंय असं समजून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराशी बोलायला लागा. तिसरा दिवस वाट बघण्यात घालवू नका.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ‘मॅम, रिलीज एक आठवडा पुढे गेलाय.’ हे खरंही असतं. प्रोजेक्टची डेडलाइन, बदली माणूस न मिळणं, नोटिशीत घेतलेल्या सुट्ट्या शेवटच्या तारखेत वाढवणं, हे सगळं कंपन्या करतात. खरी अडचण असलेल्या मुलाकडे कारण असतं, नवी तारीख असते आणि तुमच्याकडून नवं पत्र मिळावं अशी घाईही असते, कारण आपली ऑफर जाईल याची धास्ती त्याला वाटते. जो वेळ काढतोय त्याच्याकडे कारण असतं, तारीख नसते. म्हणून त्याला चिडून काही बोलू नका, शांतपणे लिहा: ‘काही हरकत नाही. नवी शेवटची तारीख मेलवर आली की कळवा, त्याप्रमाणे आपलं पत्र बदलून देते. शुक्रवारपर्यंत मिळालं तर २२ तारीख धरते.’ एकदा तारीख बदलून द्यायला मी तयार असते. दुसऱ्यांदा विनातारीख पुढे ढकललं तर ती जागा माझ्यासाठी रिकामी झालेली असते, आणि मी हे त्याला सौम्य शब्दांत कळवतेही.

जाता जाता तारखांबद्दलच एक. आपल्याकडे पितृपक्षात नवी नोकरी धरायला घरचे नको म्हणतात, अमावास्येलाही म्हणतात. मुलगा ते एचआरला सांगायला लाजतो आणि भलतीच कारणं देत बसतो. जॉइनिंगची तारीख ठरवतानाच ‘घरी ही तारीख चालेल ना, विचारून घ्या’ एवढं म्हटलं की ही भानगड सुटते. तुमच्या जूनच्या केसमध्ये पितृपक्षाचा प्रश्न नाही, पण सप्टेंबरच्या आसपास आठवण ठेवा.

आता समजा त्या उघड्या दारातून तो खरंच बोलला: ‘मॅम, अजून एक ऑफर आलीय.’ इथे बहुतेक जण एक तर दुखावतात (‘तुम्ही तर कमिट केलं होतं’) किंवा लगेच ‘किती देतायत?’ विचारतात. दोन्ही नको. एक केस सविस्तर सांगते, तुमच्या मुलाशी मिळतीजुळती आहे.

मुलगा टेस्टिंगचाच, आईवडिलांसोबत मांजरीला राहणारा. आमचं ऑफिस बाणेरला, म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. आमची ऑफर ९ लाख ६० हजारांची, सगळी फिक्स्ड. जॉइनिंगच्या अकरा-बारा दिवस आधी वरच्यासारखा मेसेज गेला. रात्री साडेनऊला उत्तर आलं की दुसरीकडून १० लाख ८० हजार मिळतायत, पण मी तुमच्याकडेच येणार आहे. हे ‘पण’ ऐकून खूश व्हायचं नसतं. मला त्याने जायचं ठरवलंय असं वाटलं नाही, थांबायचं ठरवलंय असंही वाटलं नाही. कुणीतरी निर्णय सोपा करून द्यावा, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तिथलं काय आवडलं?’ त्याने पैशाआधी खराडीचं नाव घेतलं. मांजरीहून मुंढव्यामार्गे खराडी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. बाणेरला यायचं तर शहर ओलांडून, पावसाळ्यात दीड तास सहज, आणि तेवढाच परत. वडिलांची तब्येत बरी नव्हती, रात्री नऊला घरी पोचणं त्याला परवडणार नव्हतं. मुलाखतीत हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण अंतराचं कारण दिलं तर आपल्याला घेणार नाहीत अशी भीती.

मग आकड्यावर आलो. मी त्याला दुसऱ्या पत्राचे तुकडे करून बघायला सांगितले. १० लाख ८० हजारांत १० टक्के व्हेरिएबल होतं, म्हणजे १ लाख ८ हजार कंपनीच्या आणि त्याच्या कामगिरीवर अवलंबून. फिक्स्ड उरले ९ लाख ७२ हजार. आमच्याशी फरक वर्षाला १२ हजार, महिन्याला १ हजार. पीएफमधला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी दोन्हीकडे सीटीसीतच धरली होती, त्यामुळे तिथे फरक नव्हता. वर ५० हजार जॉइनिंग बोनस होता, पण वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा. हे सगळं त्याच्याच तोंडून काढून घेतलं. व्हेरिएबल पूर्ण मिळूही शकतं, हेही मी त्याला सांगितलं. तो भाग लपवला असता तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या मित्राने सांगितला असता आणि माझ्या बाकीच्या शब्दाची किंमत शून्य झाली असती.

पगार वाढवायचा विषय मी काढलाच नाही. या टप्प्यावर आकडा वाढवला की दोन गोष्टी होतात. तोच आकडा घेऊन तो तिसरीकडे जाऊ शकतो, आणि तुमच्या टीममधल्या तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला आज ना उद्या तो आकडा कळतो. त्याऐवजी मॅनेजरशी बोलून वेळ बदलली: सकाळी ८ ते ५, आणि आठवड्यातून दोन दिवस घरून. आठला पोचायचं तर साडेसहाला निघावं लागतं, पण रस्ता मोकळा मिळतो आणि संध्याकाळी गर्दी चढायच्या आत अर्धं अंतर कापलेलं असतं. त्याने वडिलांशी बोलून हो म्हटलं. त्याच रात्री मी हे मेलवर लेखी दिलं. तोंडी दिलेल्या सवलतीवर कुणीही विश्वास ठेवू नये, आणि तिच्या भरवशावर जॉइन झालेला माणूस महिन्याभरात पुन्हा प्रोफाइल उघडतो.

तो आला. दर वेळी असं होत नाही. मॅनेजरला ८ ते ५ चालत नसतं तर मी त्या मुलाला खराडीला जा असंच म्हटलं असतं, आणि हाताशी असलेल्या दहा दिवसांत दुसऱ्याला उभं केलं असतं. रोज तीन तास प्रवास करून चिडलेला माणूस तिसऱ्या महिन्यात जाणारच असतो. तेव्हा जाण्यापेक्षा आधी गेलेला बरा.

न येण्याचं आणखी एक कारण आपण एचआरवालेच तयार करतो, त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणजे कागदपत्रांची यादी. ‘जॉइनिंगच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर मूळ प्रतीत आणणे’ असं ठोकून दिलेलं असतं. पण पुष्कळ कंपन्या रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी देत नाहीत, हिशेब पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांनी देतात. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखही जुनी कंपनी सावकाश भरते, आणि सदस्याला ती स्वतः भरायची तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं. हे माहीत नसलेला मुलगा रविवारी रात्री घाबरतो की पत्र नाही, आपल्याला गेटवरून परत पाठवतील. फोन करून विचारायचं धाडस नसतं. जॉइनिंगआधीच्या मेसेजमध्ये साफ लिहा: राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा पहिल्या दिवशी पुरेत, रिलीव्हिंग लेटर ४५ दिवसांत दिलं तरी चालेल. तुमच्या कंपनीचा नियम वेगळा असेल तर तो आधी सैल करून घ्या. आधार आणि पॅनच्या प्रती मात्र व्हॉट्सॲपवर मागवू नका, मेलवर किंवा पोर्टलवरच घ्या. आणि तो तिथे नोकरीत असेपर्यंत त्याच्या सध्याच्या कंपनीत पडताळणीचा फोन करू नका, त्याच्याने त्याची पंचाईत होते आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो.

मधल्या काळात उगाच रोज ‘हॅपी फ्रायडे’, कंपनीची रीळ, टीम डिनरचे फोटो पाठवण्याची आता फॅशन आहे. स्वागताचा खोका, मग, टी-शर्टही आधीच घरी पाठवतात. द्यायचं तर द्या, पण मगामुळे कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. आजपासून १५ तारखेपर्यंत तुमच्याकडून तीन संपर्क पुरेत: उद्याचा मेसेज, मॅनेजरचा फोन आणि गुरुवारी ११ तारखेला संध्याकाळी शेवटचा मेसेज. शेवटच्या मेसेजमध्ये प्रश्न नाहीत, फक्त सोय:

> नमस्कार (नाव), सोमवारी सकाळी १०.३० ला भेटू. बाणेर रोडवरून येत असाल तर इमारतीचं मागचं गेट सोयीचं, टू-व्हीलरचं पार्किंग तिथेच आहे. सिक्युरिटीला माझं नाव सांगा, मी खाली घ्यायला येते. सोबत पॅन आणि आधारची मूळ प्रत, राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणा, रिलीव्हिंग लेटर ४५ दिवसांत दिलं तरी चालेल. दुपारचं जेवण टीमसोबत आहे, डबा आणू नका. पाऊस असेल तर अर्धा तास उशीर झाला तरी चिंता नको, फक्त एक फोन करा.

साडेदहाची वेळ मुद्दाम. नऊला बोलावलं तर तुम्हीच पोचलेल्या नसता आणि तो बिचारा रिसेप्शनच्या सोफ्यावर तासभर फोन चाळत बसतो. त्या तासात रिक्रूटरचा फोन आलाच तर? हसण्यावारी नेऊ नका, पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेलेला माणूस परत न आल्याच्या गोष्टी या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत.

धमकीची भाषा कुठेही नको. ‘ऑफर स्वीकारून न आल्यास कायदेशीर कारवाई’, ‘ब्लॅकलिस्ट करू’, हे वाचून येणारा येत नाही, न येणारा फक्त सावध होतो आणि आणखी गुळमुळीत उत्तरं देतो. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टनुसार कोर्टसुद्धा माणसाला अमुक ठिकाणी नोकरी करच असा आदेश देत नाही. नुकसानभरपाईचा दावा कागदावर शक्य असला तरी साठ माणसांची कंपनी एका टेस्टरमागे कोर्टाच्या पायऱ्या चढत नसते, हे त्यालाही ठाऊक असतं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आजच नकाराचा मेल पाठवू नका. त्याला खरं सांगा: ‘या जागेसाठी एकाला ऑफर दिलेली आहे. १५ तारखेनंतर चित्र स्पष्ट होईल. तोपर्यंत तुम्हाला दुसरं काही मिळालं तर आमच्यासाठी थांबू नका.’ बहुतेक जण अशा निरोपाला नीट उत्तर देतात, उलट टांगून ठेवलं की चिडतात.

एवढं करूनही सोमवारी तो आला नाही तर अकरा वाजता एक फोन करा. उचलला नाही तर एक मेसेज:

> नमस्कार (नाव), आज आम्ही तुमची वाट पाहत होतो. काही अडचण आली असेल तर कळवा. निर्णय बदलला असेल तर तेही सांगा, राग नाही. संध्याकाळी ५ पर्यंत उत्तर आलं नाही तर तुम्ही येत नाही असं समजून ऑफर बंद करावी लागेल.

मग पाचपर्यंत दुसरा फोन नाही, घरच्या नंबरवर नाही, त्याच्या मित्राला नाही. पाच वाजता त्याच मजकुराचा दोन ओळींचा मेल टाका, आयटीला त्याचा मेल आयडी बंद करायला सांगा आणि साडेपाचला दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला फोन लावा. त्याचाही नोटीस पिरियड किती उरलाय, हे आजच विचारून ठेवलेलं असलं तर त्या फोनवर थेट तारखेचंच बोलता येईल.